चौदा नंबरची खोली आणि खेळाचा अर्ज

आमच्या तंत्रनिकेतनात आवक-जावकच्या टेबलावर मी सव्वीस वर्षं बसते. अर्ज कसा लिहावा हे मला विचारायला पोरं येतात, शिपाई येतात, आणि पगारवाढीचा अर्ज असला की प्राध्यापकही गुपचूप येतात. याचा मला गर्व होता हे आधीच सांगून टाकते. कुसुमताईंनी लिहिलेला अर्ज परत येत नाही, असं कॉलेजात म्हणायचे आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. जयसिंग खाडेची गोष्ट सांगायची तर या गर्वापासूनच सुरुवात करावी लागते.

जयसिंग मूळचा बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडचा. एकोणिसाव्या वर्षी भोसरीला आला, एमआयडीसीत विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्या एका शेडमध्ये लागला. तांब्याची तार ओढून ओढून त्याच्या उजव्या तर्जनीला कायमची खाच पडली होती. पुढे शेड बंद पडलं आणि कुणाच्या तरी ओळखीने तो आमच्याकडे मशीन लॅबचा मदतनीस म्हणून आला. त्याला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षं, पण नोकरी अकरा महिन्यांची. जुलैत ऑर्डर निघायची, मे अखेर संपायची. जून महिना तो भोसरीत कुणाच्या तरी दुकानात पंखे दुरुस्त करत काढायचा आणि जुलैत पुन्हा नवी ऑर्डर घ्यायला माझ्या टेबलासमोर उभा राहायचा. सलग बारा महिने ठेवलं तर माणूस हक्क सांगतो, म्हणून संस्थेची ही सोय. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही.

त्याची मशीन लॅब म्हणजे जुन्या इमारतीतली तळमजल्यावरची चौदा नंबरची खोली. पूर्वी तिथे पोरांची रांग लागायची. मग अभ्यासक्रम बदलला, बरीचशी प्रात्यक्षिकं संगणकावर गेली, उरलेली नव्या इमारतीत. चौदा नंबरमध्ये चार जुन्या मोटारी प्लास्टिकच्या कागदाखाली झाकून राहिल्या आणि जयसिंग राहिला. पण हा माणूस रिकामा बसणारा नव्हे. साऱ्या कॉलेजचे पंखे, मिक्सर, प्रोजेक्टर, प्राचार्यांच्या केबिनमधली विजेची किटली, सगळं त्याच्याकडे यायचं. त्याची नोंद कुठेही नव्हती. किटली दुरुस्त केली म्हणून कोण रजिस्टर भरतो?

वर्षाली त्याच्याकडे आली ती असंच काहीतरी बिघडलेलं घेऊन. संगणक शाखेची दुसऱ्या वर्षाची पोर, काळेवाडीची, वडील चाकणला गाड्यांच्या कंपनीत शिफ्टला. तिच्या गेमिंग कन्सोलचा हातातला कंट्रोलर बिघडला होता. दांडी सोडली तरी पडद्यावरचा माणूस आपोआप डावीकडे चालायचा. जयसिंगने कंट्रोलर उघडला, दांडीखालचा सरकता भाग साफ केला, काही होईना तेव्हा दुसऱ्या मोडक्या कंट्रोलरचा सुटा भाग काढून सोल्डरचा डाग देऊन बसवला. चालायला लागला. आठवडाभरात तिचा मित्र प्रितम आणि आणखी चार-पाच जण आले. मग पोरं दुपारच्या सुट्टीत तिथेच रेंगाळू लागली. जयसिंगला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खोलीत पुन्हा आवाज होता. तो त्या दिवसांत दाढी रोज करायचा हे माझ्या लक्षात आलं होतं.

क्लबची कल्पना वर्षालीची. जानेवारीत ती प्राचार्यांना द्यायचं पत्र घेऊन माझ्याकडे आली, सोबत प्रितम आणि मागे जयसिंग. तीन पानी पत्र. जगात कुठल्या देशात या खेळांच्या स्पर्धा होतात, कुणाला किती बक्षीस मिळालं, तरुणाईचं भविष्य वगैरे. मी म्हटलं, बाई, प्राचार्य दुसरं पान उलटत नाहीत. एका पानात सांग: काय हवं, कुठे हवं, किती खर्च, आणि त्यांच्या डोक्याला काय ताप होणार नाही.

मग आम्ही बसलो. पोरांनी नीट विचार केला होता हे मला मान्य करावं लागलं. सहा कन्सोल, प्रत्येकाला वेगळा मॉनिटर, आणि सगळे तारेने एका नेटवर्क स्विचला जोडायचे, म्हणजे सहा टोकांना बसलेली पोरं एकाच खेळात समोरासमोर येतात. कॉलेजच्या इंटरनेटच्या जाळ्याला हात लावायचा नाही, हे आपापसातलं वेगळं जाळं. ज्या खेळांना बाहेरचं इंटरनेट लागतंच ते घ्यायचे नाहीत. प्रत्येक कन्सोलसाठी खेळाची वेगळी प्रत घ्यावी लागते, तीही त्यांनी धरली होती. मॉनिटर जुन्या संगणक कक्षातले पडून होते ते चालणार होते. प्रितम म्हणाला की जुने कन्सोल निम्म्या किमतीत मिळतात. मी सांगितलं, जीएसटीचं बिल नाही तर वस्तू नाही, तीन दुकानांची कोटेशन आण, खर्च जिमखाना निधीतून मागा आणि एकतीस मार्चच्या आत माल येईल असं बघा, नाहीतर पैसे परत जातात.

राहिली खोली. पोरांनी ग्रंथालयाच्या वरची खोली मागितली होती. ती मिळणं शक्यच नव्हतं, तिथे संस्थेच्या सचिवांचा फोटो लावून सभागृह करायचं घाटत होतं. तेव्हा जयसिंग म्हणाला, चौदा नंबर मागा की.

मी त्याच्याकडे बघितलं. शुद्धीवर आहेस ना, असं मी त्याला विचारलं. तर तो मला समजावून सांगायला लागला.

"ताई, खोली रिकामी पडली की तिचं गोदाम होतंय. गोदामाला मदतनीस लागत न्हाई. पोरं आली तर खोली राहती. खोली राहिली तर मीबी राहतो."

मला ते पटलं. इतकं पटलं की मी स्वतः पेन घेतलं. वर्षालीने लिहिलं होतं, 'चौदा नंबरची खोली दिल्यास आम्ही आभारी राहू.' हे काय लिहिणं झालं? मी ते खोडलं आणि लिहिलं: 'सदर खोलीत गेल्या दोन वर्षांपासून एकही प्रात्यक्षिक होत नसून ती वापराविना आहे. खोलीची व साहित्याची देखभाल क्लबचे विद्यार्थी आळीपाळीने करतील, त्यामुळे महाविद्यालयावर कोणताही भार पडणार नाही.' वाचून दाखवलं. पोरं खूश. जयसिंगही मान डोलावत होता. म्हणाला, ताई, तुमचं लिहिणं म्हणजे कसं एकदम सरकारी.

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात तो असा. फरक इतकाच, की धोंडा मी उचलून दिला आणि पाय त्याचा होता.

विभागप्रमुखांच्या मार्फत पत्र आलं, मी आवक क्रमांक टाकला, प्राचार्यांपुढे ठेवलं. आमचे प्राचार्य वाईट माणूस नाहीत. कागदाबाहेरचं त्यांना दिसत नाही, एवढंच. त्यांनी पोरांना बोलावून तासभर उलटतपासणी घेतली. जुगार होणार नाही ना, मारामारीचे खेळ किती, पालकांनी विचारलं तर काय सांगू, वीज किती खाणार. वर्षालीने शांतपणे उत्तरं दिली. सहा कन्सोल नि मॉनिटर मिळून दोन-तीन इस्त्र्यांएवढी वीज, तासिका संपल्यावरच खेळ, हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर सदस्यत्व बंद. मग सरांनी प्रत्यक्ष दाखवा म्हटलं.

त्या शनिवारी चौदा नंबरमध्ये पोरांनी घरचे दोन कन्सोल आणले. त्याआधी तिथे मॉनिटरला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. जुन्या इमारतीचं अर्थिंगच बाद झालं होतं. जयसिंगने आदल्या दोन दिवसांत खिडकीखाली खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून नवा पाइप बसवला होता आणि झिणझिण्या घालवल्या होत्या. तारांची टोकंही त्यानेच दाबून बसवली. आठ बारीक रंगीत तारा, ठरलेल्या क्रमाने, एक जरी इकडची तिकडे झाली तरी स्विचवरचा दिवा लागत नाही. त्याचे सगळे दिवे पहिल्या फटक्यात लागले. प्राचार्यांनी गाडीच्या शर्यतीत प्रितमविरुद्ध हात आजमावला, गाडी तीनदा भिंतीवर घातली आणि चौथ्यांदा उलटी पळवली. जाताना म्हणाले, बरं आहे, शिस्तीत करा.

फेब्रुवारीत प्राचार्यांची मंजुरी आली. सहाऐवजी तीन कन्सोल आणि संगणक शाखेचे धनेश सर क्लबचे प्रभारी. खोलीचा वापर बदलायचा तर संस्थेची परवानगी लागते, म्हणून प्राचार्यांनी मूळ पत्राची प्रत जोडून प्रस्ताव संस्थेच्या कार्यालयात पाठवला. जावक क्रमांक मीच टाकला. जयसिंगने त्या दिवशी बायकोच्या, मंजुळाबाईंच्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळ्या आणून ऑफिसात वाटल्या. मार्चअखेर माल आला आणि परीक्षा संपेपर्यंत कपाटात कुलूपबंद राहिला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. दोन मुद्दे होते. पहिला, चौदा नंबर खोली विद्यार्थी क्लबसाठी वापरण्यास मान्यता. दुसरा, सदर खोलीत दोन वर्षं प्रात्यक्षिक होत नसल्याचे व देखभाल विद्यार्थी करणार असल्याचे संदर्भीय पत्रावरून दिसून येते, सबब तेथील कंत्राटी मदतनीस श्री. जयसिंग खाडे यांना एकतीस मेनंतर नवीन आदेश देण्यात येऊ नये.

माझीच वाक्यं होती ती. शब्दसुद्धा बदलले नव्हते. मी ते पत्र आवक रजिस्टरमध्ये चढवलं नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा एक कागद ड्रॉवरमध्ये कोंबला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग स्वतःचाच राग आला. रडून कागद नाहीसा होत नाही. दोन दिवसांनी संस्थेतून फोन आला, पत्र पोहोचलं का. चढवावं लागलं.

मी प्राचार्यांकडे गेले. सांगितलं, सर, हे वाक्य मी लिहिलं, पोरांनी नाही. जयसिंग रिकामा नसतो, तुमची किटलीसुद्धा त्यानेच नीट केली. सरांनी चष्मा काढला. त्यांनाही वाईट वाटत होतं, मी खोटं बोलणार नाही. म्हणाले, त्याच्या कामाची नोंद दाखवा, मी आज लिहितो. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, दुरुस्ती वहीत, कुठेही. मी काय दाखवणार? पंधरा वर्षं तो फुकट मिळत होता म्हणून कुणी लिहिलं नव्हतं.

वर्षालीला मी सांगायला नको होतं, पण सांगितलं. पोरगी पांढरी पडली. संध्याकाळी अर्ज मागे घेत असल्याचं पत्र घेऊन आली, स्वतः लिहिलेलं, एका पानाचं, नीट. प्रितमची आणि सगळ्या सदस्यांची सही. क्लब नको, कन्सोल परत करा, काकांना ठेवा. मी ते घेऊन तिच्यासोबत आत गेले.

प्राचार्यांनी पूर्ण वाचलं. मग अगदी हळू बोलले.

"बाळ, अर्ज मागे घेता येतो. त्यात दिलेली माहिती मागे घेता येत नाही. खोलीत प्रात्यक्षिक होत नाही हे आता संस्थेला माहीत झालंय."

तिने हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी नवं पत्र. पुढच्या वर्षीच्या क्लबच्या बजेटमधून कन्सोलचे पैसे काढून टाका आणि तेवढंच मानधन जयसिंगकाकांना तांत्रिक सहाय्यक म्हणून द्या. चांगली कल्पना होती. पण जिमखाना निधीतून पगार-मानधन देता येत नाही, तसा नियम आहे, आणि तो नियम मला तिच्यापेक्षा आधी माहीत होता. तरी मी पत्र आत नेलं. नियम दाखवून ते परत आलं. कुसुमताईंच्या हातचा अर्ज परत येत नाही म्हणे!

जयसिंगला मी आठवडाभर तोंड दाखवलं नाही. शेवटी तोच आला. त्याला धनेश सरांकडून कळलं होतं. मी म्हटलं, जयसिंग, ते वाक्य माझं होतं. तो म्हणाला, मला म्हायती हाय, मी तिथंच तर बसलो होतो. आणि खोली मीच सुचवली. एवढंच. मला वाटलं होतं तो ओरडेल, त्याने ओरडावं असंच मला हवं होतं. तो खुर्चीत बसला आणि माझ्या टेबलावरचा पंखा आवाज करतोय म्हणून त्याची जाळी बघत राहिला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा संपली आणि त्याने खोली लावायला घेतली. मी विचारलं, कशाला करतोस? तुझी ऑर्डर संपतेय. तर म्हणे, एकतीसपर्यंत हाय ना. त्याने मोटारी एका भिंतीला सरकवल्या, तीन टेबलं लावली, तारा पायात येऊ नयेत म्हणून भिंतीकडेने पट्टीतून नेल्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवली, एक, दोन, तीन. वर्षाली आणि प्रितम मदतीला होते. त्यांना तो टोकं दाबायला शिकवत होता. वर्षालीचा दिवा तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला तेव्हा ती रडायला लागली आणि जयसिंग तिच्यावर चिडला. तो चिडलेला मी तेवढाच एकदा पाहिला. म्हणाला, रडत काम केलं की तार चुकती, नीट बघून कर, उद्यापासून मी सांगायला न्हाई.

एकतीस तारखेला ना-देय प्रमाणपत्र. ग्रंथालयाची सही, स्टोअरची सही, लेखा विभागाची सही, या माणसाकडे आमचं काही येणं राहिलेलं नाही. त्याच्याकडे काय राहणार होतं? पक्कड आणि टेस्टरसुद्धा त्याचा स्वतःचा होता. खोलीची किल्ली धनेश सर घेणार होते, ते पेपर तपासायला बाहेरगावी. म्हणून प्राचार्यांनी सांगितलं, कुसुमताई, तुम्ही ताबा घ्या. 'खोली क्र. १४ चा ताबा मिळाला' असं लिहून मी सही केली. माझी सही मला वाकडी दिसली. त्याने किल्ली टेबलावर ठेवली, दाराला जरा वर उचलून किल्ली फिरवा म्हणाला, पावसात लाकूड फुगतंय.

तो गेला असं मला वाटलं. पण उभाच होता. मग म्हणाला, चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला माणूस पाहिजे म्हणायलेत. वय जास्त हाय माझं, पण अर्ज करून बघतो. ताई, लिहून देता का?

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. या माणसाने मला पुन्हा पेन धरायला सांगावं? मी म्हटलं, वर्षालीकडून घे लिहून, ती आता चांगलं लिहिते. तो म्हणाला, पोरीचं अक्षर चांगलं हाय, पण अर्ज तुमीच लिव्हा. तुमचं वाचतात.

मी कागद ओढला. नाव, पत्ता, अनुभव. अनुभवात मी सगळं लिहिलं. पंखे, प्रोजेक्टर, किटली, अर्थिंगचा खड्डा, तीन कन्सोलचं जाळं, जे जे मला आठवलं ते. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ते कागदावर आलं. मग मुद्दा आला, मागील नोकरी सोडण्याचे कारण.

मी थांबले. त्याला विचारलं, काय लिहू?

तो खिडकीतून जुन्या इमारतीकडे बघत होता. "काम न्हवतं, असं तेवढं लिहू नका," तो म्हणाला. "काम लई होतं."

ते वाक्य तसंच लिहावं असं माझ्या मनात आलं, खरंच आलं. पण अर्जात असं लिहीत नाहीत. लिहिलं तर समोरचा म्हणतो, हा माणूस तक्रारखोर आहे. मी लिहिलं, 'आदेशाची मुदत संपल्यामुळे.' त्याला वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली आणि सही केली.